‘अति तिथे माती’मधली माती इंग्रजीत कुठे जाते?

राजेंद्र नगरातल्या माझ्यासारख्या मुलांच्या घरात मराठी असते, गल्लीत हिंदी आणि वर्गात इंग्रजी. त्यामुळे एका भाषेतला वाक्प्रचार जसाच्या तसा उचलून दुसरीत ठेवायचा मोह आम्हाला सतत होतो. मराठी आणि हिंदीत ते बऱ्याचदा खपूनही जातं. आपल्याकडे नाक कापलं जातं, तशी हिंदीतही ‘नाक कट जाती है’. इंग्रजीत मात्र असं सरळ चालत नाही, आणि ते का चालत नाही हे एकाच म्हणीवरून नीट दिसतं.

‘अति तिथे माती’ घ्या. शब्दाला शब्द ठेवला तर होतं, ‘व्हेअर देअर इज एक्सेस, देअर इज सॉइल’. शब्दकोशाप्रमाणे यात काहीच चूक नाही. पण इंग्रजी वाचकाच्या मनात ‘सॉइल’ म्हटलं की शेत येतं, बी रुजणं येतं. म्हणजे भरपूर घ्या, पीक चांगलं येईल! म्हणीचा अर्थ चक्क उलटा झाला. कारण इथली माती शेतातली नाहीच. ‘आयुष्याची माती झाली’, ‘सगळं मातीत गेलं’ असं आपण म्हणतो, ती ही माती. म्हणजे या तीन शब्दांच्या म्हणीच्या पोटात आणखी एक वाक्प्रचार दडलेला आहे आणि शब्दशः भाषांतराला तो दिसतच नाही.

मग इंग्रजीत काय ठेवायचं? मला ‘डस्ट’ जवळचा वाटतो. राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावताना माणूस मातीतून आला आणि मातीतच जाणार याची आठवण करून देतात. मराठीत तिथे ‘माती’ म्हणतात, इंग्रजीत ‘डस्ट’. शेवट, नाश हा अर्थ इंग्रजीत त्या शब्दाला आहे. ‘टू मच ऑफ एनीथिंग एंड्स इन डस्ट’ असं केलं, तर अर्थ पोचतो. ‘अति’ आणि ‘माती’ यांचं यमक मात्र गेलं, आणि क्रियापद नसल्यामुळे मूळ म्हणीला जो झटका आहे तोही गेला.

दुसरा सोपा वाटणारा मार्ग म्हणजे इंग्रजीतली तयार म्हण शोधायची. त्यातही खड्डा आहे. ‘आवळा देऊन कोहळा काढणे’ याला ‘अ स्प्रॅट टु कॅच अ मॅकेरल’ ही जोडी नेहमी दिली जाते. छोटा मासा देऊन मोठा पकडायचा. चित्र तंतोतंत जुळतं, पण सूर जुळत नाही. इंग्रजी म्हण शहाणपणाचा हिशेब म्हणून सहज वापरता येते. मराठीत मात्र कोणी आवळा देऊन कोहळा काढला असं म्हटलं, की बोलणाऱ्याने त्याला लबाड ठरवलेलं असतं.

उलट दिशेनेही तेच होतं. इंग्रजीत सावध राहायला सांगताना ‘कीप युअर आइज पील्ड’ म्हणतात. मराठीत ‘डोळे सोलून ठेव’ म्हटलं तर ऐकणारा दचकेल. आपण म्हणू, ‘डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेव’. आणि हेच इंग्रजीत शब्दशः सांगितलं, तर दचकायची पाळी त्यांची!

रेव्हरंड ए. मॅनवॉरिंग या मिशनऱ्यांनी १८९९ साली ‘मराठी प्रॉव्हर्ब्ज’ हा संग्रह ऑक्सफर्डहून प्रसिद्ध केला. शेती, प्राणी, शरीराचे अवयव अशा गटांत म्हणी लावून त्यांनी इंग्रजी भाषांतर दिलं आणि गरज पडेल तिथे खुलासाही जोडला. संग्रहात हे शोभतं, कारण तिथे वाचकाला मूळ चित्रही बघायचं असतं. पण कथेतली आजी नातवाला रागावत असेल, तर मध्येच खुलासा कुठे घालणार? तिथे चित्र सोडून तिचा राग आणायला हवा.

शब्दशः नेलेलं सगळंच वाया जातं असंही नाही. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ इंग्रजीत जशीच्या तशी ठेवली तरी कळते, कारण कारण आणि सबब दोन्ही चित्रातच आहेत. ‘क्रोकोडाइल टिअर्स’ तर मराठीत येऊन ‘नक्राश्रू’ झाले आणि इतके रुळले, की ते बाहेरून आले आहेत हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

म्हणून मी भाषांतर केल्यावर मूळ म्हण झाकते आणि मराठी न येणाऱ्या मैत्रिणीला दोनच गोष्टी विचारते: हे कशाबद्दल आहे? आणि हे कौतुक आहे की टोमणा? पहिलं उत्तर चुकलं तर चित्र पोचलेलं नाही. दुसरं चुकलं तर सूर पोचलेला नाही. ‘सॉइल’वालं वाक्य दोन्ही प्रश्नांत नापास होतं. ‘स्प्रॅट’ची म्हण पहिल्यात पास होते आणि दुसऱ्यात अडकते, आणि ही दुसरी चूक पकडणं जास्त अवघड असतं, कारण वाक्य वाचताना कुठेच खटकत नाही.