थर, हिरडी आणि सरासरी

रेणापूरच्या एका शाळेच्या ओसरीत, उजेडाकडे तोंड करून बसविलेल्या बारा वर्षांच्या मुलाच्या दातांवरून परीक्षकाने बोथट टोकाची सळई हिरडीच्या कडेने हळूच फिरवली, तेव्हा वरवर स्वच्छ दिसणाऱ्या दाढेवरून तिच्या टोकावर पांढुरक्या थराचा एक पातळ पापुद्रा आला. "घासतो की सर रोज," असे मुलगा म्हणाला, आणि ते खरेही असावे. परंतु डोळ्यांना न दिसता केवळ सळईला लागणारा थर म्हणजे एक गुण, डोळ्यांना दिसणारा मध्यम थर म्हणजे दोन आणि भरपूर साठा म्हणजे तीन, असे प्रमाण सिल्नेस व ल्यो यांनी 1964 साली ठरवून दिले असल्यामुळे लेखनिकाने तेथे एकाचा आकडा मांडला.

सहा नेमलेल्या दातांच्या प्रत्येकी चार बाजू, म्हणजे चोवीस नोंदी, याच रीतीने होतात. थर दाखविणारा रंग आधी लावीत नाहीत, कारण त्यामुळे हिरडीची लाली झाकली जाते. हिरडीच्या गुणांकाची रीत 1963 सालची. किंचित सूज असली तरी सळई लावल्यावर रक्त न आल्यास एक, आल्यास दोन, आणि हिरडीवर व्रण असल्यास किंवा तिला आपोआप रक्तस्राव होत असल्यास तीन. या मुलाच्या थराची बेरीज 36 आली, तिला चोवीसने भागता 1.5, हिरडीची बेरीज 30, म्हणजे 1.25, ज्याला मध्यम दाह म्हणतात. नेमलेला दात उगवलेलाच नसेल, तर शेजारचा दात धरीत नाहीत. त्याच्या चार बाजू वगळून विसाने भागतात. हा नियम विसरून नुसती बेरीज चोवीसने भागली की आकडा विनाकारण खाली येतो, आणि तक्ता पाहणाऱ्या अधिकाऱ्याला ती चूक ओळखू येत नाही.

खरा धोका सरासरीत आहे. एका गावी सर्व मुलांचा हिरडीचा गुणांक एक असेल आणि दुसऱ्या गावी निम्म्यांचा 0.2 व निम्म्यांचा 1.8 असेल, तर दप्तरात दोन्ही गावांची सरासरी एकच, 1.0 अशी नोंदली जाते. पहिल्या गावी वर्गात ब्रश धरण्याची रीत शिकविणे पुरेसे ठरावे. दुसऱ्या गावी मात्र निम्म्या मुलांच्या बहुतेक हिरड्यांतून रक्त येत आहे, आणि तेथे साफसफाईसाठी दंतवैद्याची वारी लागेल. म्हणून सरासरीच्या शेजारी रक्तस्राव आढळलेल्यांचे शेकडा प्रमाण स्वतंत्र रकान्यात मागावे, असे माझे ठाम मत आहे.

थर व हिरडी हे दोन आकडे एकत्र वाचावेत, हेही तितकेच आवश्यक. थर अधिक आणि दाहही अधिक असेल, तर स्वच्छतेवर खर्च करावा. थर कमी असून दाह अधिक असेल, तर मधुमेह, गर्भावस्था यांसारखे अन्य कारण शोधावे. मोठ्यांच्या पाहणीत मिश्रीचा काळा डाग थर म्हणून मोजू नये, आणि विडी ओढणाऱ्याच्या हिरडीतून रक्त कमी येते, म्हणून त्याचा कमी गुणांक आरोग्याची ग्वाही समजू नये. अशा व्यक्तींची नोंद वेगळ्या गटात करावी लागते.