मेल सर्वांना गेला, काम कोणाकडे? गैरसमज आणि वस्तुस्थिती

कार्यालयात, शाळेच्या पालक समितीत किंवा सोसायटीच्या व्यवस्थापक समितीत एक मेल सात-आठ जणांना जातो, सगळे तो वाचतात आणि आठवडाभराने कळते की त्यातले एकही काम झालेले नाही. मग लोकांना आस्था उरलेली नाही, असा निष्कर्ष काढला जातो. माझ्या मते दोष बहुतेक वेळा माणसांत नसून मेलच्या मांडणीत असतो. प्रत्येक कामापुढे एका व्यक्तीचे नाव आणि एक तारीख नसेल, तर जबाबदार माणसांच्या गटातही काम पडून राहते.

गैरसमज : जितक्या जास्त जणांना कळवू, तितकी काम होण्याची खात्री जास्त.

वस्तुस्थिती उलट आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन डार्ली आणि बिब लाताने यांनी १९६८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. वेगवेगळ्या खोल्यांत बसलेले विद्यार्थी इंटरकॉमवरून बोलत असताना त्यांच्यातल्या एकाला फिट आल्याचा आवाज ऐकवला गेला. हा आवाज आपण एकटेच ऐकतो आहोत असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यापैकी ८५ टक्के जणांनी तो थांबण्याआधीच मदत मागितली. आणखी चौघे ऐकत आहेत असे वाटणाऱ्यांत हे प्रमाण ३१ टक्क्यांवर आले. महत्त्वाचे म्हणजे, गप्प राहिलेले विद्यार्थी बेफिकीर नव्हते. अनेकांचे हात थरथरत होते. दुसरे कोणीतरी बघत असेल, या समजुतीने त्यांना थोपवले होते.

फिट येणे आणि मेल येणे यांत फार अंतर आहे, हा आक्षेप रास्त आहे. पण मेलवरही हेच तपासले गेले आहे. ग्रेग बॅरन आणि एल्दाद येखियाम यांनी इस्रायलमधल्या टेक्निऑन संस्थेत, इथे जीवशास्त्राचा विभाग आहे का, एवढाच साधा प्रश्न काहींना एकट्याच्या नावे पाठवला आणि काहींना पाच पत्ते एकत्र दिसतील असा. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार एकट्याच्या नावे गेलेल्या मेलला जास्त उत्तरे आली आणि ती जास्त उपयोगीही होती. प्रश्न तोच होता, फक्त पत्ते वाढले होते.

गैरसमज : ‘लवकरात लवकर’ लिहिले की मुदत दिली.

‘लवकरात लवकर’ ही विनंती आहे, मुदत नव्हे. वाचणारा ती स्वतःच्या इतर कामांच्या मानाने लावतो, म्हणून सात जणांकडे तिचे सात अर्थ होतात. खरी मुदत शेवटच्या तारखेपासून मागे मोजत काढावी लागते. सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेचेच उदाहरण घेऊ. समजा, सचिव समितीच्या सात जणांना लिहितात: ‘सभा जवळ आली आहे. हिशेब, नोटीस आणि हॉलचे कृपया सर्वांनी बघावे. लवकरात लवकर कळवावे.’ या मेलला ‘ओके’ अशी चार उत्तरे येतील आणि काम तिथेच राहील.

आता मागे मोजू. सभा रविवारी, २७ सप्टेंबरला आहे. महाराष्ट्रातल्या आदर्श उपविधींप्रमाणे तिची नोटीस पूर्ण चौदा दिवस आधी द्यावी लागते. त्यात नोटीस देण्याचा आणि सभेचा दिवस धरायचा नाही, म्हणजे नोटीस १२ सप्टेंबरपर्यंत सभासदांच्या हाती पडलीच पाहिजे. एक-दोन दिवस हाताशी ठेवायचे तर वाटप १० तारखेला संपायला हवे. नोटिशीसोबत तपासलेले हिशेब द्यायचे असल्याने ते ५ तारखेला यायला हवेत. नोटिशीत सभेचे ठिकाण लागते, म्हणून हॉल त्याच्याही आधी ठरला पाहिजे. एवढे झाल्यावर मेल असा होतो:

‘विषय: २७ सप्टेंबरची सभा, तीन कामे. होकार शुक्रवार, २१ ऑगस्टपर्यंत.
१. हॉलचे बुकिंग, पावतीसह: शेख ताई, शुक्रवार, २८ ऑगस्ट.
२. लेखापरीक्षकांकडून तपासलेले हिशेब आणणे: जाधव काका, शनिवार, ५ सप्टेंबर.
३. नोटीस छापून सर्व सभासदांना देणे व पोच घेणे: कुलकर्णी सर, गुरुवार, १० सप्टेंबर.’

इथे प्रत्येक ओळीत काम कुठे संपते हेही लिहिले आहे. ‘हॉलचे बघा’ म्हटले तर एक फोन केला तरी बघितल्यासारखे होते. पावती मागितली की काम झाले की नाही याबद्दल वाद उरत नाही.

गैरसमज : दोघांची नावे टाकली तर काम जास्त सुरक्षित.

‘जाधव काका आणि शेख ताई, हिशेबाचे बघाल का?’ असे लिहिले की मघाचाच घोटाळा लहान प्रमाणात परत येतो. लेखापरीक्षकांना ताईंनी फोन केला असेल असे काकांना वाटते आणि ताईंना काकांबद्दल तसेच. पण काम एकट्याच्या आवाक्यातले नसेल तर? इथे करणारा आणि उत्तर देणारा यांत फरक करावा. नोटिसा वाटायला चार जण लागोत. कोणत्या घरी पोहोचली नाही हे विचारल्यावर सांगणारा एकच हवा. तो आजारी पडला किंवा गावी गेला तर त्याने दुसऱ्याला विचारून, होकार घेऊन, नाव बदलल्याचे सर्वांना कळवायचे. नाव बदलले तरी ते एकच राहते.

`To` आणि `Cc` या रकान्यांचा उपयोगही इथेच आहे. ईमेलची रचना ठरवणाऱ्या आरएफसी ५३२२ या मानकात `To` मुख्य प्राप्तकर्त्यांसाठी आहे, तर मजकूर ज्यांना उद्देशून नसला तरी प्रत मिळायला हवी त्यांच्यासाठी `Cc`. ज्या तिघांकडे काम आहे ते `To` मध्ये आणि बाकीचे `Cc` मध्ये ठेवले, तर कोणाकडून उत्तर हवे आहे हे मेल उघडताच दिसते.

गैरसमज : नाव घेऊन काम सांगणे म्हणजे हुकूम सोडणे.

हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण समित्यांत माणसे बिनपगारी, आपुलकीने काम करतात आणि सचिवापेक्षा वयाने मोठीही असतात. पण हुकुमाचा सूर नावामुळे येत नाही. न विचारता नाव टाकल्याने येतो. म्हणून मेलच्या आधी फोन करावा: ‘काका, हिशेबाचे तुमच्याकडे ठेवू का? ५ तारीख जमेल?’ त्यांनी १ तारीख बरी म्हटले तर तीच लिहावी. होकार आला नाही तर ते काम अजून कोणाकडेच नाही असे धरावे. शांतता म्हणजे संमती नव्हे. आणि ज्याच्या हाती चेकवर सही करण्याचा अधिकार नाही, त्याच्याकडे पैसे भरण्याचे काम देणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. निव्वळ माहितीच्या मेलला नाव-तारीख लागत नाही. तिथे विषयातच ‘फक्त माहितीसाठी’ लिहावे. सर्वांचे मत हवे असेल तर मत सर्वांकडून मागावे, पण ती मते एकत्र करून निर्णय कळवण्याचे काम पुन्हा एकाकडेच द्यावे. लिफ्टमध्ये कोणी अडकले असेल तर मेल लिहूच नये, थेट फोन करावा. बाकीच्या मेलसाठी पाठवण्याआधी एक तपासणी पुरेशी आहे: मुदत उलटल्यावर सकाळी मी नेमका कोणाला फोन करणार? प्रत्येक कामासाठी एकच नाव सुचले तर मेल पाठवावा. दोन सुचली किंवा एकही सुचले नाही, तर तो मेल अजून अपुरा आहे.