सलग दिवसांची मोजणी

बंगळूरनजीकच्या बोम्मसंद्रा औद्योगिक वसाहतीतील एका कामगाराच्या संगणकीय हजेरीत 3, 4, 5, 8 आणि 9 या तारखा आहेत, असे समजू. त्यांना चढत्या क्रमाने 1 ते 5 क्रमांक द्यावेत. एसक्यूएलमध्ये ते `ROW_NUMBER()` देते. प्रत्येक तारखेतून तिचा क्रमांक वजा केल्यास 2, 2, 2, 4, 4 अशी बाकी उरते. सलग दिवसांत तारीख व क्रमांक दोन्ही एकेकाने वाढतात, म्हणून बाकी स्थिर राहते. खंड पडताच ती बदलते. समान बाकीचा प्रत्येक गट म्हणजे एक सलग मालिका होय.

मात्र 4 तारखेची नोंद दोनदा असेल, तर क्रमांक पुढे सरकतो, तारीख तेथेच राहते आणि तीन दिवसांची मालिका दुभंगते. सलग हजेरीवर भत्ता अवलंबून असल्यास कामगार त्यास मुकेल. यास्तव क्रमांक देण्यापूर्वी प्रत्येक व्यक्तीची दररोज एकच नोंद ठेवावी.