घशात काटा अडकला? भाताचा घास गिळू नका

मासे खाणाऱ्या घरात कुणाच्या घशात काटा टोचला, की पानावरूनच सल्ला येतो: भाताचा कोरडा गोळा न चावता गीळ. भात झाला की केळं, मग पावाचा तुकडा, मग लिंबू. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हा उपाय अनेकदा लागूही पडतो, आणि म्हणूनच तो टिकला आहे. मांदेलीचा किंवा बोंबलाचा मऊ, केसासारखा काटा घशाला नुसता चिकटलेला असेल तर भाताबरोबर तो खाली निघून जातो. असे काटे पाण्याच्या दोन घोटांनीही गेले असते, पण श्रेय भाताला मिळतं. काटा खरोखर रुतलेला असतो तेव्हा मात्र हाच भात घात करतो.

रुतलेला काटा बहुतेक वेळा तिरका बसलेला असतो. एक टोक घशाच्या मऊ आवरणात शिरलेलं आणि दुसरं मोकळं. वरून भाताचा गोळा दाबत गेला की मोकळ्या टोकावर जोर येतो आणि रुतलेलं टोक आणखी आत जातं. पायात काटा मोडला तर आपण पाय जमिनीवर आपटत नाही. घशातल्या काट्याशी मात्र नेमकं तेच करतो. कधी काटा आवरणाखाली पुरता गडप होतो आणि मग डॉक्टरांना दुर्बिणीतूनही दिसत नाही. कधी तो घशातून सुटतो, पण पोटात न जाता अन्ननलिकेत आडवा बसतो. घशातला काटा काढणं हे बहुधा काही मिनिटांचं काम असतं. अन्ननलिकेतल्या काट्यासाठी एंडोस्कोपी लागते, आणि काही वेळा पूर्ण भूलही.

काटा अडकतो कुठे, हे कळलं तर पुढचं सगळं सोपं होतं. सर्वाधिक काटे वरच अडकतात: पडजिभेच्या दोन्ही बाजूंच्या टॉन्सिलमध्ये, नाहीतर जिभेच्या मुळाशी. टॉन्सिलचा पृष्ठभाग खाचाखळग्यांचा असतो, त्यामुळे बारीक काटा तिथे सहज घुसतो. त्याखाली, स्वरयंत्राच्या मागे आणि बाजूला, छोटे खोलगट कप्पे असतात. काही काटे तिथे बसतात. त्याहून खाली गेलेला काटा अन्ननलिकेच्या तोंडाशी अडतो, कारण नळीचा तो भाग सगळ्यांत अरुंद असतो.

नेहमी घडतं तसं एक उदाहरण घेऊ. बासष्ट वर्षांच्या एक आजी. वरच्या दातांची कवळी. रात्री नऊच्या सुमारास तळलेली करली खाताना उजव्या बाजूला टचकन टोचलं. करली चवीला फार छान, पण तिच्या मांसात सुटे, बारीक काटे जागोजागी असतात. कवळी लावणाऱ्यांना टाळूवर काटा जाणवत नाही, कारण टाळू प्लास्टिकखाली झाकलेली असते. म्हणून अशी माणसं काट्याला जास्त बळी पडतात. सून म्हणाली, "आई, भाताचा गोळा गिळा." गिळला. केळं खाल्लं, लिंबू चोखलं. थोडं बरं वाटलं, झोप लागली. सकाळी चहाचा घोट घेतला आणि पुन्हा त्याच जागी टोचलं.

इथे थांबून दोन प्रकारच्या वेदना वेगळ्या करायला हव्यात. काटा निघून जातानाही घशावर ओरखडा उठवून जातो, आणि तो ओरखडा एक-दोन दिवस काटा असल्यासारखाच भासतो. डॉक्टरांकडे येणाऱ्या पुष्कळ जणांच्या घशात प्रत्यक्षात काटा उरलेलाच नसतो. ओरखड्याची वेदना साधारण पसरट असते, जागा नक्की दाखवता येत नाही, आणि ती तासागणिक उतरत जाते. रुतलेला काटा प्रत्येक गिळण्याला एकाच ठिकाणी, एकाच बाजूला टोचतो. माणूस जबड्याखाली बोट ठेवून "इथे" म्हणून सांगतो आणि दुसऱ्यांदा विचारलं तरी तीच जागा दाखवतो. आजींनी दोन्ही वेळा उजव्या जबड्याच्या कोपऱ्याखालीच बोट ठेवलं. वेदना कंठमण्याच्या वर असेल तर ही बाजू बहुधा बरोबर निघते. कंठमण्याच्या खाली किंवा छातीच्या हाडामागे टोचत असेल तर काटा अन्ननलिकेत असण्याची शंका घ्यावी. तिथे जागेचा अंदाज चुकतो, आणि वाट पाहण्यातला धोकाही मोठा असतो. अर्थात नुसत्या लक्षणांवरून काटा नाहीच, असं कुणालाही छातीठोकपणे सांगता येत नाही.

मग टोचल्याबरोबर काय करायचं? जेवण थांबवा. तोंडातला घास बाहेर काढा, गिळू नका. दोन-चार वेळा जोरात खोका. सैल काटा त्यानेच सुटतो. पाण्याचे छोटे घोट घ्या. मग कुणालातरी टॉर्च धरायला सांगा, तोंड मोठं उघडा आणि "आ" म्हणा. काट्याचं टोक तोंडाच्या पुढच्या भागात, हिरडीत किंवा गालात स्पष्ट दिसत असेल तर चिमट्याने हलकेच ओढून काढता येतं. मागे टॉन्सिलपाशी असेल तर घरी हात घालू नये. चिमटा किंवा बोट मागे लागलं की उबळ येते, घसा आवळला जातो आणि काटा आत सरकतो. बोट घालून उलटी काढणंही तितकंच वाईट, कारण तोच काटा उलट्या दिशेने ओरबाडत येतो.

लिंबू, कोकम आणि व्हिनेगर यांच्याबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. आंबटात हाड मऊ होतं हे खरं, पण त्यासाठी ते तासन्‌तास, कधी दिवसेंदिवस बुडवून ठेवावं लागतं. घशातून आंबट घोट क्षणात खाली उतरतो. तेवढ्यात काटा विरघळत नाही. आधीच ओरखडलेल्या घशाची आग मात्र वाढते.

एक वेगळी परिस्थिती लक्षात ठेवा. माणसाला बोलता येत नसेल, खोकताही येत नसेल, ओठ निळे पडत असतील, तर श्वासमार्ग बंद झाला आहे. तेव्हा काटा शोधत बसू नये. त्याला पुढे वाकवून पाठीत दोन खांद्यांच्या मधोमध पाच जोरदार थापा माराव्यात, नाही जमलं तर मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर पाच झटके द्यावेत, आणि 108 ला फोन करावा. नुसता टोचणाऱ्या काट्यासाठी हे झटके देऊ नयेत.

आजींना सकाळी दवाखान्यात नेलं. तिथे टॉर्चने काही दिसलं नाही. मानेचा एक्स-रे काढला, तोही स्वच्छ आला. इथेच पुष्कळांची फसगत होते. माशांचे सगळे काटे एक्स-रेत दिसत नाहीत. कोणता मासा आणि काटा किती जाड, यावर ते अवलंबून असतं. बांगड्याच्या जातीतल्या माशांचे काटे तर फारच पुसट उमटतात. उलट, उतारवयात स्वरयंत्राच्या कूर्चेत चुना साठतो, आणि त्याची रेघ काट्यासारखी दिसून नसता गोंधळ होतो. म्हणून स्वच्छ एक्स-रे म्हणजे काटा नसल्याचा पुरावा नव्हे. खरी तपासणी कान-नाक-घसा तज्ज्ञांची. आजींच्या घशावर बधिर करणारा फवारा मारला, जीभ दाबली, आणि चांगल्या उजेडात उजव्या टॉन्सिलच्या खालच्या टोकाशी लाळेच्या धाग्यासारखं पांढरं टोक दिसलं. लांब, वाकड्या चिमट्याने ते ओढलं. काटा अखंड निघाला. वर दिसला नसता तर नाकातून बारीक दुर्बीण घालून जिभेचं मूळ आणि खालचे कप्पे पाहिले असते. तिथेही नसता आणि दुखणं तसंच असतं, तर सीटी स्कॅन. सीटीमध्ये एक्स-रेत न दिसणारे बहुतेक काटे दिसतात. बेरियम पाजून काढायचा फोटो मात्र अशा वेळी टाळतात, कारण बेरियमचा थर बसला की एंडोस्कोपीत काहीच नीट दिसत नाही.

दवाखान्यात जायचं ठरलं की तोंडात काही घालू नका. भूल द्यायची वेळ आली तर पोट रिकामं हवं. भात-केळी खाऊन आलेल्या माणसासाठी डॉक्टरांना तासन्‌तास थांबावं लागतं. मासा कोणता होता, किती वाजता टोचलं, नेमकं कुठे टोचतं आणि त्यानंतर काय काय खाल्लं, एवढं सांगा. पानात उरलेले त्याच माशाचे काटे कागदात गुंडाळून न्या. त्यावरून काटा केवढा असेल आणि एक्स-रेत दिसण्यासारखा आहे का, याचा अंदाज येतो.

काही लक्षणं दिसली तर सकाळचीही वाट पाहू नये. स्वतःची लाळ गिळता येत नाही, ती तोंडातून गळते, थुंकीत किंवा उलटीत रक्त येतं, श्वासाला आवाज येतो, मान हलवली की दुखते, मानेवर सूज येते किंवा त्वचा दाबल्यावर करकर जाणवतं, ताप येतो, छातीत किंवा पाठीत दोन खांद्यांच्या मध्ये दुखतं. यातलं काहीही असेल तर काट्याने भिंत भेदली असण्याची शक्यता आहे. अन्ननलिकेला भोक पडलं तर मानेत किंवा छातीत पू होतो, आणि छातीतला संसर्ग जीव घेऊ शकतो. क्वचित काटा थेट महारोहिणीपर्यंत पोचतो. अन्ननलिकेत रुतलेली टोकदार वस्तू शक्यतो दोन तासांत, आणि उशिरात उशिरा सहा तासांत काढावी, अशी शिफारस युरोपातल्या एंडोस्कोपी तज्ज्ञांच्या संघटनेने 2016 साली केली. गावातून शहरात जाण्याच्या वेळेचा हिशेब यावरून करावा. जवळच्या दवाखान्यात दुर्बीण नसेल तर तिथे रात्र काढण्यापेक्षा जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालय गाठावं.

काटा पोटात उतरला तर बहुतेक वेळा काळजीचं कारण नसतं. तो पचनमार्गातून निघून जातो. पुढच्या काही दिवसांत पोटात एका जागी वाढती कळ आली किंवा ताप आला, तर मात्र काटा गिळल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा. पोटदुखीचा आणि त्या जेवणाचा संबंध माणूस सहसा जोडत नाही.

तपासणीत काही सापडलं नाही आणि दुखणं रोज कमी होत असेल तर तो ओरखडा आहे. मऊ, कोमट जेवा आणि दोन दिवस द्या. पण तिसऱ्या दिवशीही त्याच जागी तसंच टोचत असेल, तर एक्स-रे स्वच्छ असला तरी पुन्हा जा आणि दुर्बिणीने पाहण्याचा किंवा सीटी स्कॅनचा आग्रह धरा.