मिरचीचं दरपत्रक मागवताना

मैत्रिणींनो, उन्हाळी मसाल्यासाठी आपण मिरची घेतो तेव्हा दुकानदाराला फोन करून "ब्याडगी काय भाव?" एवढंच विचारतो. एक जण देठासकटचा भाव सांगतो, दुसरा देठ काढलेलीचा. एकाच्या भावात गाडीभाडं असतं, दुसऱ्याच्यात नसतं. मग आपण तुलना कशाची करतो?

आमच्या गटाने हा मार खाल्लाय. 240 रुपये किलोची मिरची स्वस्त म्हणून 100 किलो घेतली. भाडं 1200 आणि हमाली-तोलाई 300 वरून द्यावी लागली, म्हणजे झाले 25,500. देठ काढल्यावर मिरची भरली 92 किलो. किलोला 277 रुपये पडले! देठ खुडण्यात चार बायकांचे दोन दिवस गेले ते वेगळेच. दुसरा व्यापारी देठ काढलेली मिरची 262 ला घरपोच देत होता, त्याला आम्ही महाग म्हणून सोडलं होतं.

आता आम्ही तीन-चार व्यापाऱ्यांना एकच पत्र देतो, शब्द न् शब्द सारखा. त्यात असं लिहितो:

"ब्याडगी मिरची, चालू हंगामाची, देठ काढलेली, कडक वाळलेली, बुरशी व पांढरी फळं नसलेली, 100 किलो. माल 15 मार्चपर्यंत गटाच्या शेडवर पोहोच. दर किलोचा, भाडं, हमाली व कर धरून लिहावा. वजन आमच्या काट्यावर. पैसे माल तपासल्यावर तीन दिवसांत बँकेतून. सोबत पाव किलो नमुना द्यावा. दर 20 मार्चपर्यंत कायम राहावा. बंद पाकीट 5 मार्च, संध्याकाळी 5 पर्यंत."

"चांगली मिरची" असं कधी लिहू नका. त्याची चांगली आणि आपली चांगली वेगळी निघते. वाळलेली म्हणजे कशी, हे हातानेच कळतं: मोडली की कट् वाजते, हलवली की आत बी खुळखुळतं. ओली असेल तर नुसती वाकते. ती वजनात भरते आणि पोत्यात बुरशी धरते.

मुदतीचं मात्र कडक राहा. आधी आलेलं पाकीट फोडायचं नाही, एकाचा भाव दुसऱ्याला सांगायचा नाही. एखाद्याने "दुसरी जात चालेल का?" विचारलं, तर जे उत्तर त्याला देऊ तेच बाकीच्यांनाही कळवायचं. पाकिटं बैठकीत सगळ्यांसमोर फोडायची, प्रत्येक कागदावर तिघींनी सही करायची आणि दर तक्त्यात मांडून इतिवृत्तात लिहायचे. दरपत्रक एकच आलं तर वेळ असल्यास मुदत वाढवावी, आणि तसं सगळ्यांना सांगावं.

ज्याला ऑर्डर दिली त्याच्या नमुन्याची पिशवी शिवून, सही करून ठेवा. पोती आली की वरची मूठ पाहून भागत नाही. मधून, तळातून मिरची काढून नमुन्याशेजारी ठेवायची. फरक दिसला तर पोती उतरवण्याआधीच व्यापाऱ्याला फोन लावा. एकदा पैसे गेले की मग तो फोन उचलेलच असं नाही.