जप्त शेअर किती स्वस्तात विकता येतो?

दहा रुपये दर्शनी किमतीचा शेअर कंपनीला साडेनऊ रुपयांना विकता येत नाही. २०१३च्या कंपनी कायद्याचे ५३वे कलम तसे सांगते. एकदोन अपवाद वगळले, तर दर्शनी किमतीखाली दिलेला शेअर बेकायदा आणि रद्दबातल ठरतो. मात्र तीच कंपनी जप्त केलेला दहाचा शेअर आठ रुपयांना, कधी सहालाही विकते, आणि तिच्या पुस्तकात त्यासाठी रीतसर जागा असते. शंभराचा कर्जरोखा पंचाण्णवला विकणेही तिला मोकळे आहे. वाणिज्य शाखेची मुले हे तीन नियम तीन वेगळ्या धड्यांत पाठ करतात, त्यामुळे ते एकमेकांविरुद्ध आहेत असे वाटत राहते. पैसा कोणाकडून आला आणि कोणत्या खात्यात बसला हे पाहत गेले, की तिन्हींचे कारण एकच असल्याचे कळते.

कंपनीच्या भागधारकांची जबाबदारी मर्यादित असते. कंपनी बुडाली, तर माल उधार देणाऱ्याला किंवा बँकेला भागधारकाच्या घरादारावर हात टाकता येत नाही. त्यांच्यासाठी आधार असतो तो भागभांडवलाचा. ताळेबंदात ‘दहा रुपयांचे एक लाख शेअर, पूर्ण भरणा’ असे लिहिले असेल, तर दहा लाख रुपये खरोखर कंपनीत आले आहेत एवढा विश्वास देणेकऱ्यांना ठेवता आला पाहिजे. शेअर दर्शनी किमतीखाली विकू न देण्याचे कारण हेच आहे. जप्तीनंतरच्या फेरविक्रीत हा विश्वास कसा टिकतो, हे एका काल्पनिक कंपनीच्या आकड्यांतून पाहू.

या कंपनीने आपल्या भागधारकांना दहा रुपयांचे एक लाख नवे शेअर पाच रुपये अधिमूल्याने, म्हणजे पंधरा रुपयांना, देऊ केले. अर्जासोबत तीन रुपये, वाटपाच्या वेळी सात (त्यात अधिमूल्याचे पाच), आणि नंतर अडीच-अडीच रुपयांचे दोन हप्ते. पुस्तकी भाषेत या हप्त्यांना याचना म्हणतात, बाजारात सरळ ‘कॉल’. अडीचचाच आकडा घेण्याला कारण आहे. कायद्याला जोडलेल्या नमुना नियमावलीत, म्हणजे तक्ता ‘एफ’मध्ये, एका हप्त्यात दर्शनी किमतीच्या चौथ्या हिश्शाहून जास्त रक्कम मागायची नाही आणि दोन हप्त्यांत किमान एक महिना ठेवायचा असे आहे. कंपनीने स्वतःची वेगळी नियमावली केली असेल, तर ती लागू होते.

दोन भागधारक अडकले. पहिल्याकडे ५०० शेअर होते. त्याने अर्ज आणि वाटपाचे पैसे भरले, दोन्ही हप्ते थकवले. दुसऱ्याकडे २०० शेअर होते आणि त्याने अर्जाचे तीन रुपये सोडून काहीच भरले नाही.

संचालक मंडळाला एकदम जप्ती करता येत नाही. आधी नोटीस जाते. नोटीस मिळाल्यापासून किमान चौदा दिवसांची मुदत, नेमकी किती रक्कम थकली आहे तो आकडा, आणि न भरल्यास शेअर जप्त होतील हा स्पष्ट इशारा, या तीन गोष्टी तिच्यात असाव्याच लागतात. मुदत टळल्यावर मंडळ ठराव करते आणि मगच जप्ती होते. इथली लहानशी चूकही सगळे उलटवू शकते. १८७७ साली इंग्लंडमध्ये जॉन्सन विरुद्ध लिटल्स आयर्न एजन्सी या खटल्यात नोटिशीने व्याज भरणा-तारखेऐवजी हप्ता मागितल्याच्या तारखेपासून मागितले होते. तेवढ्यावरून न्यायालयाने जप्ती अवैध ठरवली. एखाद्याची मालमत्ता काढून घ्यायची, तर नियम अक्षरशः पाळला गेला पाहिजे ही भूमिका मला रास्त वाटते. आणखी एक गोष्ट भागधारकाला बहुधा ठाऊक नसते. शेअर गेल्यावर तो सभासद राहत नाही, पण जप्तीच्या दिवशी थकलेली रक्कम, कंपनीला तिचे सगळे पैसे मिळेपर्यंत, त्याच्या नावावर राहते.

आता कीर्द. पहिल्याच्या ५०० शेअरवर दहा रुपयांनी ५,००० भागभांडवल आधी जमा झालेले आहे. शेअर रद्द झाले म्हणून भागभांडवल खाते ५,००० ने नावे पडते. त्याचे थकलेले हप्ते २,५०० होते, ते मिटतात. उरलेले २,५०० ही त्याने भांडवलापोटी खरोखर भरलेली रक्कम, ती भाग जप्ती खात्यात जमा होते. त्याने भरलेल्या २,५०० रुपये अधिमूल्याला हात लावायचा नाही. ते मिळून गेलेले आहे आणि अधिमूल्य खात्यातच राहते.

दुसऱ्याचे वेगळे. त्याचे अधिमूल्य कंपनीने येणे म्हणून खात्यात धरले होते, पण आले नाही. म्हणून भागभांडवलाचे २,००० आणि अधिमूल्याचे १,००० अशी दोन्ही खाती नावे पडतात. समोर थकबाकी २,४०० आणि भाग जप्ती खाते ६००, म्हणजे शेअरमागे अर्जाचे तीन रुपये. अधिमूल्य मिळाले असेल तर सोडायचे, मिळाले नसेल तर उलटवायचे, एवढा एक फरक चुकला की पुढचे सगळे आकडे चुकतात.

खऱ्या बाजारात हा फरक किती मोठा होतो, याचे उदाहरण रिलायन्स इंडस्ट्रीजच्या २०२०च्या हक्कभाग विक्रीत सापडते. किंमत १,२५७ रुपये, दर्शनी किंमत १०. अर्जासोबत ३१४.२५ रुपये भरायचे होते, त्यांतले भांडवल फक्त २.५० आणि अधिमूल्य ३११.७५. बाकीची रक्कम २०२१मध्ये दोन हप्त्यांत मागितली गेली. अशा शेअरवर अर्जानंतर कोणी हप्ता भरलाच नाही आणि जप्ती झाली, तर भाग जप्ती खात्यात अडीच रुपयेच दिसतील. भागधारकाचे मात्र ३१४.२५ गेलेले असतील.

आपल्या कंपनीच्या भाग जप्ती खात्यात आता ३,१०० रुपये आहेत. हा नफा नव्हे. शेअर पुन्हा विकले जाईपर्यंत ताळेबंदात ही रक्कम भागभांडवलातच मिळवून दाखवतात. मंडळाने पहिल्याचे ३०० शेअर आठ रुपयांना, पूर्ण भरणा झालेले म्हणून, नव्या माणसाला विकले. बँकेत २,४०० आले, भांडवल मात्र ३,००० दाखवायचे. मधले ६०० भाग जप्ती खात्यातून भरले जातात. सुरुवातीचे कोडे इथे सुटते. नव्याने आठ दिले, जुन्याने आधीच पाच दिलेले आहेत. एका शेअरमागे कंपनीकडे दहापेक्षा कमी नव्हे, तेरा रुपये भांडवल आले. त्यामुळे सवलतीची सीमाही ठरून जाते. जुन्याने भांडवलापोटी जेवढे भरले, त्याहून जास्त सूट देता येत नाही. पहिल्याचा शेअर पाचपर्यंत खाली नेता येईल, दुसऱ्याचा सातपर्यंत.

विकलेल्या ३०० शेअरवर जप्त झालेले १,५०० होते. त्यांतले ६०० सवलतीत गेले, राहिलेले ९०० भांडवली राखीव खात्यात जातात. ते धंद्यातून कमावलेले नाहीत, म्हणून त्यांतून लाभांश वाटायचा नसतो.

सर्वांत जास्त चूक याच टप्प्यावर होते. घाईत ३,१०० मधून ६०० वजा करून २,५०० रुपये भांडवली राखीवमध्ये टाकले जातात. पण पहिल्याचे २०० आणि दुसऱ्याचे २०० शेअर अजून विकायचे आहेत. उद्या ते सवलतीत विकायची वेळ आली, तर ती सूट भरून काढायला पैसेच उरणार नाहीत. चूक ओळखण्याची खूण सोपी आहे. भाग जप्ती खात्याची शिल्लक नेहमी न विकलेल्या शेअरवर भरलेल्या भांडवलाएवढी असली पाहिजे. इथे दोनशे पाचे हजार आणि दोनशे त्रिक सहाशे, मिळून १,६००. आणि ३,१०० मधून ६०० व ९०० गेले की १,६००च उरतात.

कर्जरोख्याला हा पहारा लागत नाही, कारण तो घेणारा मालक नसून स्वतःच देणेकरी आहे. त्याला मताचा अधिकार नाही. नफा होवो न होवो, त्याला ठरलेले व्याज द्यावेच लागते. त्याला कमी किमतीत रोखा दिला, तर इतर देणेकऱ्यांना दाखवलेल्या भांडवलातून काही कमी होत नाही. फक्त कंपनीला कर्ज महाग पडते. किती महाग, हे नोंदीत लपू नये एवढीच अपेक्षा असते.

आपल्या कंपनीने जमीन आणि यंत्रे तारण ठेवून शंभर रुपयांचे १०,००० कर्जरोखे काढले. व्याज १० टक्के, विक्री ९५ रुपयांना, पाच वर्षांनी परतफेड १०५ रुपयांनी. बँकेत साडेनऊ लाख आले. कर्जरोखे खाते मात्र दहा लाखांनी जमा होते, आणि परतफेडीच्या वेळी द्यायचे जादा पन्नास हजारही पहिल्याच दिवशी देणे म्हणून जमा होतात. सुटीचे पन्नास आणि परतफेडीचे पन्नास मिळून एक लाख ‘कर्जरोखे विक्रीवरील तोटा’ खात्यात नावे पडतात. पाच वर्षांनी द्यायचे पैसे आज का लिहायचे, असा प्रश्न पडतो. वचन आज दिले आहे, म्हणून.

व्याज मिळालेल्या साडेनऊ लाखांवर नव्हे, दर्शनी दहा लाखांवर मोजतात, वर्षाला एक लाख. रोख्यावर १० टक्के छापलेले असले, तरी सूट आणि परतफेडीचे अधिमूल्य धरून हिशेब केला की कंपनीला हे कर्ज बारा टक्क्यांहून थोडे अधिक दराने पडते. ‘इंड एएस’ मानके लागू असलेल्या मोठ्या कंपन्या हाच खरा दर काढतात. साडेनऊ लाखांचे देणे त्या दरवर्षी थोडे वाढवत नेतात आणि पाच वर्षांत ते साडेदहा लाखांवर पोचते. त्यामुळे प्रत्येक वर्षाच्या खर्चात कर्जाची खरी किंमत दिसते. ती मानके लागू नसलेल्या लहान कंपनीला तोट्याचा एक लाख अधिमूल्य खात्यातून भागवता येतो. त्या खात्यात ४,९९,००० रुपये आहेत आणि त्यांत शेअर गमावून बसलेल्या पहिल्या भागधारकाचे २,५०० रुपयेही आहेत.

शेअर बाजारात नोंद नसलेल्या अशा कंपनीला थकीत कर्जरोख्यांच्या १० टक्के रक्कम, इथे एक लाख, नफ्यातून बाजूला काढून कर्जरोखे परतफेड राखीव खात्यात ठेवावी लागते. शिवाय ज्या आर्थिक वर्षात रोखे फेडायचे आहेत, त्या वर्षीच्या ३० एप्रिलपर्यंत परतफेडीच्या रकमेच्या १५ टक्के प्रत्यक्ष ठेवीत किंवा ठरावीक रोख्यांत गुंतवाव्या लागतात. त्या ठेवीतले पैसे रोख्यांच्या परतफेडीखेरीज दुसऱ्या कशालाही वापरता येत नाहीत.