काचेमागचा साक्षीदार : चिंचोळीच्या उन्हात टिकणारा डॅशकॅम

सोलापुरातून पुणे रस्त्याने सकाळी निघून चिंचोळी एमआयडीसीतील कारखान्यात पोहोचणाऱ्या आणि सायंकाळी त्याच वाटेने परतणाऱ्या व्यापारी कुटुंबांच्या मोटारींत अलीकडे डॅशकॅम दिसू लागले आहेत. त्याचे कारण उघड आहे. गळीत हंगामात मोहोळ परिसरातून उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रात्री मागच्या दिव्यांवाचून धावतात. अशा ट्रॉलीला गाडी घासली, तर चूक कोणाची हे ठरविताना मोटारीतला माणूस एकटा पडतो आणि भोवती जमलेला घोळका बोलत असतो. त्या वेळी घडलेले जसेच्या तसे दाखविणारे चित्रण हाती असणे मोलाचे असते. मात्र बाजारातील प्रत्येक डॅशकॅम सोलापूरच्या हवेत ते काम करीलच असे नाही.

निवड करताना बहुतेक जण चित्राच्या स्पष्टतेपासून आरंभ करतात. चिंचोळीच्या ग्राहकाने आरंभ उन्हापासून करावा. मोटार सकाळी नऊ ते सायंकाळी सहा कारखान्याच्या आवारात उघड्यावर उभी असते. एप्रिल-मे महिन्यांत बाहेर ४२-४३ अंश तापमान असताना बंद मोटारीतील, विशेषतः पुढच्या काचेलगतची उष्णता ६० अंशांच्या वर सहज जाते, आणि डॅशकॅम चिकटवलेला असतो तो नेमका त्याच काचेला. पुष्कळ स्वस्त डॅशकॅममध्ये लहानशी लिथियम बॅटरी असते. एवढी उष्णता तिला मानवत नाही. ती फुगते, यंत्राचे कवच उचलले जाते आणि पुढे कॅमेरा मध्येच बंद पडू लागतो. कवचाची सांध उघडी दिसू लागली, तर ते यंत्र वापरणे थांबवावे.

यावर उपाय म्हणजे बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर असलेला कॅमेरा. सुपरकपॅसिटर उष्णता बरीच अधिक सोसतो. त्यात वीज साठते ती काही सेकंदांपुरतीच. पण धडकेत मोटारीचा वीजपुरवठा तुटला, तरी चालू चित्रफीत नीट जतन होण्यास तेवढी वीज पुरते. त्याची एक उणीव मात्र ध्यानात असावी. गाडी बरेच दिवस उभी राहिली, तर काही कॅमेऱ्यांचे घड्याळ मागे पडते किंवा मूळ तारखेवर जाते. चुकीची तारीख छापलेले चित्रण वादाच्या वेळी दुबळे ठरते. म्हणून जीपीएस असलेला नमुना घ्यावा. तो उपग्रहांकडून वेळ आपोआप दुरुस्त करून घेतो.

आता चित्राचा प्रश्न. विक्रेता ‘फुल एचडी’ आणि ‘फोर के’ असे शब्द उच्चारतो. ग्राहकाला हवे असते ते समोरच्या गाडीच्या क्रमांकाचे वाचन. याचा हिशेब घरबसल्या करता येतो. फुल एचडी चित्राच्या रुंदीत १९२० ठिपके असतात. भिंग १४० अंशांचे असेल, तर प्रत्येक अंशाच्या वाट्याला सुमारे १४ ठिपके येतात. मोटारीची लांब क्रमांक-पाटी ५०० मिलिमीटर रुंद असते. दहा मीटर अंतरावरून ती जेमतेम तीन अंश व्यापते, म्हणजे सुमारे ४० ठिपके. त्यात दहा अक्षरे आणि अंक बसवायचे, तर एकेकाला चारच ठिपके मिळतात. एवढ्यात ‘८’ आणि ‘३’ यांतला भेद उमटत नाही. फोर के चित्रात ठिपके दुप्पट, म्हणजे अक्षरामागे आठ, आणि तेवढ्यावर पाटी वाचता येते. थोडक्यात, फुल एचडीची नजर दिवसा पाचेक मीटरपर्यंत पोहोचते, तर फोर केची दहापर्यंत.

रात्रीचे गणित निराळे. अंधारात कॅमेरा प्रत्येक चित्रासाठी सेकंदाचा तिसावा भागही घेऊ शकतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या दोन गाड्या समोरासमोर येतात, तेव्हा तेवढ्या अवधीत त्यांच्यातले अंतर मीटरभर घटते आणि पाटी पुसट होते. समोरून आलेल्या वाहनाचा क्रमांक रात्री मिळेल ही आशा कितीही महाग कॅमेरा घेऊन धरू नये. त्याच दिशेने पुढे चाललेल्या ट्रॉलीची पाटी मात्र, तिला पाटी असल्यास, मिळू शकते. त्यासाठी ठिपक्यांइतकेच संवेदकाचे महत्त्व असते. सोनीच्या ‘स्टारव्हिस’ जातीचे संवेदक कमी उजेडात चांगले चालतात. खोक्यावर ‘फोर के’ आणि आतील संवेदक दोन किंवा पाच मेगापिक्सेलचा असेल, तर ते चित्र ताणून मोठे केलेले असते; खऱ्या फोर केला आठ मेगापिक्सेल लागतात.

सोलापूरहून चिंचोळीकडे रस्ता वायव्येला जातो. त्यामुळे सकाळी जाताना आणि सायंकाळी येताना, दोन्ही वेळा सूर्य बहुतांशी पाठीशी राहतो. पुढच्या कॅमेऱ्याचे हे सुदैवच. तिरीप झेलतो तो मागचा. दोन कॅमेऱ्यांचा संच घेणाऱ्याने मागच्या कॅमेऱ्यात एचडीआरची सोय आहे का, हे अवश्य विचारावे.

साठवणुकीत कार्डाच्या आकारापेक्षा त्याची जात महत्त्वाची. पुढचा फोर के आणि मागचा फुल एचडी मिळून तासाला सुमारे २० जीबी चित्रण होते, असे धरले तर १२८ जीबीच्या कार्डावर सहा तास मावतात. रोज तासभराचा प्रवास असेल, तर जवळपास आठवडा. त्यानंतर जुने पुसून त्यावर नवे लिहिले जाते. या अखंड पुनर्लेखनाने साधे मोबाईलचे कार्ड लवकर झिजते, आणि झिजल्याचे मालकाला कळते ते अपघातानंतर, फीत उघडत नाही तेव्हा. ‘हाय एन्ड्युरन्स’ असे लिहिलेले कार्डच घ्यावे, ते महिन्यातून एकदा कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावे आणि एखादी जुनी फीत उघडून पाहावी. फितींमध्ये मिनिटामिनिटांच्या खंडी दिसू लागल्या, तर कार्ड बदलावे. धक्का-संवेदक ‘मंद’ ठेवावा. अन्यथा प्रत्येक खड्ड्याची फीत ‘अपघात’ म्हणून राखून ठेवली जाते आणि कार्ड भरून जाते.

विजेसाठी सिगारेट लायटरचे सॉकेट सोपे आणि बहुतेकांना पुरेसे. गाडी उभी असतानाही पहारा हवा असेल, तर फ्यूजपेटीतून जोडणी घ्यावी लागते. दोन कॅमेऱ्यांना सुमारे ५ वॉट लागतात, म्हणजे दिवसाला १० अँपिअर-तास. लहान मोटारीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. दशलक्षण पर्वात गाडी दहा दिवस दारात उभी राहिली, तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती सुरू होणार नाही. म्हणून व्होल्टेज १२ च्या आसपास येताच कॅमेरा तोडणारा संच लागतो. चिंचोळीत पहारेकरी आणि सीसीटीव्ही असलेल्या आवारात, भर उन्हात कॅमेरा आणखी तापवीत ठेवण्याचे प्रयोजन नाही. जोडणी करणाऱ्याला वायर कापू देऊ नये, फ्यूज-टॅप वापरायला सांगावे; आणि बाजूच्या खांबातून वायर नेताना ती पडदा-एअरबॅगच्या मागून जाते आहे, हे स्वतः पाहावे.

कंपन्यांमध्ये हिरो इलेक्ट्रॉनिक्सचा ‘क्यूबो’ भारतीय. ‘७०माय’ आणि ‘व्हिओफो’ चिनी. ‘व्हिओफो’ने सुपरकपॅसिटरचा आग्रह आधीपासून धरला, ‘७०माय’च्या काही नमुन्यांत लिथियम बॅटरी आहे, त्यामुळे नाव पाहून नव्हे, नमुना पाहून घ्यावे. ह्युंदाईने २०२३ मध्ये एक्स्टर मोटारीत कारखान्यातूनच दुहेरी डॅशकॅम दिला.

अपघात झालाच, तर गाडी सुरक्षित थांबवून कॅमेऱ्याची वीज बंद करावी आणि कार्ड काढून घ्यावे, नाहीतर पुढच्या काही तासांत तीच फीत पुसली जाण्याचा संभव असतो. कार्ड मूळ स्वरूपातच ठेवावे आणि प्रत काढून तीच पाहावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार अशा चित्रणासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्यात फाइलचा हॅश, म्हणजे तिचा अंकीय ठसा, नोंदवायचा असतो. व्हॉट्सॲपवरून पाठविलेल्या प्रतीचा ठसा मूळ फितीशी जुळत नाही.